जर्मनीतील लेखी वाहनपरीक्षा आणि चौकांच्या चित्रांचे प्रश्न : माझा अनुभव

पुण्यात आठ वर्षे गाडी चालवल्यानंतर ऑक्टोबर 2023 मध्ये नोकरीच्या निमित्ताने मी जर्मनीच्या दक्षिण भागातील एका मध्यम शहरात राहायला आले. येथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते आणि त्यानंतर तो परवाना जर्मनीत चालत नाही, हे मला आधीपासून माहीत होते. काही देशांचे परवाने परीक्षा न घेता बदलून मिळतात, परंतु त्या देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे भारतीय परवानाधारकाला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत एवढीच की ड्रायव्हिंग स्कूलमधील सक्तीचे तास आपल्याला लागू होत नाहीत. ही सवलत मात्र लेखी परीक्षेच्या बाबतीत दुधारी ठरते, कारण वर्गात कोणी शिकवत नसल्यामुळे चौकांची चित्रे स्वतःच वाचायला शिकावी लागतात. या लेखात मी मुख्यत्वे त्या चित्रांविषयी लिहिणार आहे. कागदपत्रांची माहिती इतरत्र सहज मिळते, पण एका चित्रात तीन वाहने, दोन पाट्या आणि एक फुटपाथ दिसला की कोठून सुरुवात करावी, हे सांगणारे मराठीत मला काही सापडले नव्हते.

तरी कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते. अर्ज परवाना कार्यालयात करावा लागतो, आणि मी तो जानेवारी 2024 मध्ये केला. सोबत दृष्टितपासणीचा दाखला लागतो, ज्याचे शुल्क 6.43 युरो असे ठरलेले आहे आणि जो चष्म्याच्या दुकानात दहा मिनिटांत मिळतो. प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्गही करावा लागतो, त्याला मला सुमारे 50 युरो पडले. त्याशिवाय भारतीय परवान्याचे भाषांतर, बायोमेट्रिक फोटो, निवास नोंदणीचा दाखला आणि ज्या ड्रायव्हिंग स्कूलमार्फत पुढे प्रत्यक्ष परीक्षा द्यायची तिचे नाव अर्जात द्यावे लागते. अर्ज मंजूर होऊन परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे पोहोचायला उन्हाळा उजाडला, आणि दरम्यान एप्रिलमध्ये माझे सहा महिने संपले. ज्यांना गाडीवाचून अडणार आहे त्यांनी येथे आल्यावर पहिल्या महिन्यातच अर्ज करावा, कारण हा वेळ आपल्या हातात नसतो. प्रतीक्षेच्या त्या काळात मी अभ्यासाचे अ‍ॅप विकत घेऊन सरावाला लागले.

परीक्षेचे स्वरूप असे आहे. प्रश्न एकूण 30 असतात आणि प्रत्येक प्रश्नाला 2 ते 5 दोषगुण असतात. दहापर्यंत दोषगुण झाले तरी उमेदवार उत्तीर्ण होतो, पण पाच दोषगुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच असूनही तो अनुत्तीर्ण ठरतो. चौकात आधी कोण जाईल हे विचारणारे प्रश्न नेमके पाच दोषगुणांचे असतात. म्हणजे बाकी सारे प्रश्न बरोबर आले आणि चौकांची फक्त दोन चित्रे चुकली, तरी परीक्षा हातची जाते. उत्तरांचे पर्याय बहुतेक वेळा तीन असतात, त्यांपैकी एक, दोन किंवा तिन्ही बरोबर असू शकतात, आणि बरोबर असलेल्या प्रत्येक पर्यायावर खूण केली तरच उत्तर ग्राह्य धरले जाते. परीक्षा जर्मनशिवाय आणखी बारा भाषांत देता येते. त्यांत हिंदी किंवा मराठी नाही, परंतु इंग्रजी आहे आणि मी तीच निवडली. चित्रातील पाट्यांवर लिहिलेला मजकूर मात्र जर्मनच राहतो, त्यामुळे ‘फ्राय’ म्हणजे ‘यांना मुभा’, ‘आनलीगर’ म्हणजे तेथील रहिवासी व त्यांच्याकडे काम असलेले लोक, असे आठ-दहा शब्द पाठ असलेले बरे.

प्रश्नसंचात कारच्या परवान्यासाठी हजाराहून अधिक प्रश्न आहेत आणि ते सर्व अ‍ॅपमध्ये उपलब्ध असतात. त्यामुळे सर्व चित्रे आणि त्यांची उत्तरे पाठ करून टाकावीत, असा मोह होतो. तो उपयोगी पडत नाही, कारण परीक्षेत येणारे चित्र अ‍ॅपमधील चित्राचे रूपांतर असू शकते. तोच चौक थोड्या वेगळ्या कोनातून दाखवलेला असतो, लाल गाडीच्या जागी निळी असते, मागची इमारत बदललेली असते. ज्याने ‘लाल गाडी आधी’ असे पाठ केले असेल तो तेथे अडकतो. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचे शिक्षक पहिल्या भेटीत म्हणाले होते, “तुम्ही रंग विसरा. रस्त्याच्या किती भुजा आहेत आणि प्रत्येक भुजेवर काय आहे, तेवढेच बघा.” ही सूचना मला पुढे सर्वांत उपयोगी पडली.

आता चित्रांकडे येऊ. सर्वांत सोपे दिसणारे आणि सर्वांत फसवे चित्र म्हणजे एकही पाटी नसलेला साधा चौक. कोणतीही पाटी किंवा सिग्नल नसेल तर येथे ‘रेश्ट्स फोर लिंक्स’ हा नियम लागू होतो, म्हणजे उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे. आपल्याकडेही मुख्य रस्ता ठरवून दिलेला नसलेल्या चौकात उजव्या बाजूने येणाऱ्या वाहनांना वाट द्यावी, असाच नियम आहे, जरी पुण्याच्या चौकांत तो कधी वापरात दिसला नाही. नियम तोच असूनही चित्र वाचताना भारतीय डोळ्याची गफलत होते, आणि त्याचे कारण भूमितीत आहे. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे उजवीकडून येणारे वाहन आडव्या रस्त्याच्या आपल्याकडील अर्ध्या भागातून, म्हणजे अगदी आपल्या नाकासमोरून जाते. जर्मनीत वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे उजवीकडून येणारे वाहन आडव्या रस्त्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागात असते आणि डावीकडून येणारे वाहन अलीकडच्या. चालकाच्या जागेवरून काढलेल्या चित्रात याचा परिणाम असा होतो की डावीकडची गाडी मोठी, जवळची आणि धोक्याची वाटते, तर ज्या गाडीसाठी खरोखर थांबायचे आहे ती उजवीकडची गाडी लहान आणि लांब दिसते. कधीकधी ती एखाद्या उभ्या गाडीमागे किंवा झुडपामागे अर्धवट झाकलेलीही असते. चित्रातील आकारावर विसंबून उत्तर दिले तर ते नेमके उलटे येते. म्हणून असे चित्र समोर आले की मी मुद्दाम नजर प्रथम उजव्या कडेला नेत असे आणि तेथून डावीकडे येत असे.

तीन वाहने असलेले एक चित्र सविस्तर मांडते, कारण त्यातून बहुतेक सर्व खाचखळगे समजतात. चार भुजांचा चौक आहे आणि पाटी एकही नाही. मी खालच्या भुजेवर आहे आणि मला डावीकडे वळायचे आहे. उजव्या भुजेवरून एक मोटार सरळ जाणार आहे. समोरच्या भुजेवरून एक मोटारसायकल सरळ माझ्या दिशेने येत आहे. येथे ‘सर्वांत आधी कोण’ असा प्रश्न स्वतःला विचारला की मन गोंधळते. त्याऐवजी प्रत्येक चालकाच्या जागी बसून ‘माझ्या उजव्या हाताला कोणी आहे का’ एवढेच विचारावे. मोटारसायकलस्वाराचा उजवा हात चित्राच्या डाव्या भुजेकडे आहे आणि ती भुजा रिकामी आहे, म्हणून तो कोणासाठीही थांबत नाही. उजवीकडच्या मोटारीच्या चालकाचा उजवा हात चित्राच्या वरच्या भुजेकडे आहे, तेथे मोटारसायकल आहे, म्हणून मोटार मोटारसायकलसाठी थांबते. माझ्या उजव्या हाताला मोटार आहे, म्हणून मी मोटारीसाठी थांबते. शिवाय डावीकडे वळणाऱ्याने समोरून येणाऱ्याला वाट द्यायची असते, हा वेगळा नियम मला मोटारसायकलसाठीही थांबवतो. म्हणजे आधी मोटारसायकल, मग मोटार आणि शेवटी मी. पर्यायांत मात्र हा क्रम विचारला जाईलच असे नाही. बहुतेक वेळा ‘मला मोटारीला आधी जाऊ द्यावे लागेल’, ‘मला मोटारसायकलला आधी जाऊ द्यावे लागेल’ अशी दोन-दोन वाहनांच्या संबंधांची वाक्ये असतात आणि येथे ती दोन्ही बरोबर आहेत. क्रम लावून झाल्यावर पुन्हा जोड्या तपासल्या नाहीत तर एका पर्यायावरची खूण राहून जाते.

याच चित्रात मोटारसायकलचा फक्त इंडिकेटर बदलला तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. ती तिच्या उजवीकडे, म्हणजे चित्राच्या डाव्या भुजेत वळणार असेल, तर मलाही त्याच भुजेत जायचे आहे, आणि समोरून उजवीकडे वळणाऱ्याला डावीकडे वळणाऱ्याने आधी जाऊ द्यायचे असते. त्यामुळे उत्तर तेच राहते. पण ती तिच्या डावीकडे वळणार असेल, तर ती चित्राच्या उजव्या भुजेत जाईल आणि मी डाव्या भुजेत. आम्ही दोघेही डावीकडे वळणारे एकमेकांच्या समोरून, एकमेकांना न छेदता वळू शकतो, त्यामुळे आमच्या दोघांमध्ये कोणी कोणासाठी थांबण्याचा प्रश्न उरत नाही आणि मला फक्त मोटारीसाठी थांबायचे असते. चित्रात हा सारा फरक पिवळ्या ठिपक्याएवढ्या दिव्याचा असतो. मोबाइलच्या पडद्यावर तो दिवा सुटून जाण्याची शक्यता असते, म्हणून सरावासाठी शक्यतो मोठा पडदा वापरावा. मी जुलैपासून सराव लॅपटॉपवर करू लागले आणि तो बदल सार्थकी लागला.

समोरच्या वाहनाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, हे समजणे सोपे असले तरी झटपट दिसणे सोपे नसते. सुरुवातीचे काही आठवडे मी एका कागदावर अधिकचे चिन्ह काढून प्रत्येक वाहनासाठी बाण काढत असे आणि कागदच फिरवून पाहत असे. परीक्षेत कागद हाताशी नसणार असे गृहीत धरून पुढे ती सवय मोडली आणि एक ठोकताळा धरला. वरून पाहिलेल्या चित्रात खालच्या वाहनाच्या उजवीकडे उजवी भुजा, उजव्या वाहनाच्या उजवीकडे वरची भुजा, वरच्या वाहनाच्या उजवीकडे डावी भुजा आणि डाव्या वाहनाच्या उजवीकडे खालची भुजा. म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एक घर पुढे गेले की त्या वाहनाने ज्याच्यासाठी थांबायचे ते वाहन सापडते. ती भुजा रिकामी असेल तर ते वाहन मोकळे. चारही भुजांवर वाहने असतील तर कोणाचाच उजवा हात रिकामा राहत नाही. तेथे कायद्याने कोणालाही आपोआप अग्रक्रम मिळत नाही, एकाने आपला हक्क सोडून दुसऱ्याला खुणेने जायला सांगायचे असते, आणि असा पर्याय असेल तर तोच बरोबर असतो.

ट्राम असलेले चित्र पाहून माझ्याबरोबर प्रथमोपचाराच्या वर्गात असलेल्या एका बाईंनी छातीठोकपणे सांगितले होते की ट्रामला नेहमी आधी जाऊ द्यायचे. पाटी नसलेल्या चौकात हे खरे नाही. तेथे ट्रामही इतर वाहनांसारखीच ‘उजवा आधी’ या नियमाने बांधलेली असते. ट्रामला विशेष वाट द्यावी लागते ती वेगळ्या प्रसंगी, उदाहरणार्थ आपण वळत असताना ती त्याच रस्त्यावरून आपल्या बाजूने किंवा समोरून सरळ येत असेल तेव्हा. ट्राम आडव्या भुजेवरून येते आहे की आपल्याच रस्त्यावर आहे, एवढे पाहिले की हा प्रश्न सुटतो.

पाटी असलेल्या चित्रांत माझा सर्वाधिक वेळ वळणाऱ्या अग्रक्रमाच्या रस्त्याने घेतला. अग्रक्रमाच्या रस्त्याची पाटी म्हणजे पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला. तिच्या खाली कधीकधी एक पांढरी जोडपाटी असते, जिच्यावर चौकाचा छोटा नकाशा असतो. त्यातील जाड रेघ म्हणजे अग्रक्रमाचा रस्ता आणि बारीक रेघा म्हणजे बाकीच्या भुजा. नकाशात आपण नेहमी खालच्या टोकाला असतो. ही जाड रेघ सरळ न जाता चौकात डावीकडे किंवा उजवीकडे वळते, आणि प्रश्न तेथेच निर्माण होतो.

समजा, जाड रेघ खालून डावीकडे वळते आहे, मला सरळ जायचे आहे आणि बाकीच्या तिन्ही भुजांवर वाहने आहेत. मी अग्रक्रमाचा रस्ता सोडून जाणार असले तरी माझा अग्रक्रम जात नाही, कारण चौकात शिरताना मी जाड रेघेवर आहे. डावीकडचे वाहनही जाड रेघेवर आहे. म्हणजे आमच्यात समान दर्जा झाला, आणि समान दर्जाच्या दोघांत पुन्हा ‘उजवा आधी’ हाच नियम लागतो. डावीकडच्या चालकाच्या उजव्या हाताला मी आहे, म्हणून तो माझ्यासाठी थांबतो. आमचे दोघांचे झाल्यावर बारीक रेघांवरच्या दोघांची पाळी येते, आणि त्यांच्यातही तोच नियम लागतो. उजव्या भुजेवरच्या चालकाच्या उजव्या हाताला वरची भुजा आहे, त्यामुळे वरचे वाहन आधी जाते आणि उजव्या भुजेवरचे शेवटी. एरवी मला उजवीकडच्या वाहनासाठी थांबावे लागले असते, पण येथे तेच वाहन सर्वांच्या शेवटी जाते. जाड रेघ उजवीकडे वळत असेल तर मात्र उजवीकडचे वाहन माझ्या बरोबरीचे होते आणि माझ्या उजव्या हाताला असते. ते जाड रेघेने वळून माझ्या वाटेवरून येणार असेल तर सरळ जाताना मला त्याच्यासाठी थांबावे लागते, जरी माझ्यासमोर अग्रक्रमाची पाटी असली तरीही. पिवळी पाटी दिसली म्हणून ‘मला कोणासाठीच थांबायचे नाही’ हा पर्याय निवडणाऱ्यांसाठीच हे चित्र काढलेले असावे, असे माझे मत आहे.

अशा चित्रांसाठी मी वाहने आधी पाहायची नाहीत, असे ठरवले होते. प्रथम जाड रेघ मनातल्या मनात रस्त्यावर उमटवायची, मग जाड रेघेवरची वाहने एका गटात आणि बारीक रेघांवरची दुसऱ्या गटात टाकायची, आणि त्यानंतर प्रत्येक गटात उजवा हात तपासायचा. इंडिकेटरविषयीचा प्रश्नही याच चित्रावर येतो. जाड रेघेबरोबर वळणाऱ्याने इंडिकेटर द्यायचाच असतो, आणि सरळ जाणाऱ्याने, तो अग्रक्रमाचा रस्ता सोडत असला तरी, द्यायचा नसतो. रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांकडे येथे विशेष लक्ष द्यायचे असते, तोही एक पर्याय अनेकदा असतो आणि तो बरोबर असतो.

दुसऱ्या भुजांवरच्या पाट्या आपल्याला मागून दिसतात, म्हणजे करड्या आणि कोऱ्या. तरीही त्या वाचता येतात. थांबण्याची पाटी अष्टकोनी असते आणि वाट देण्याची पाटी टोक खाली असलेला त्रिकोण असते, या दोन आकारांच्या दुसऱ्या पाट्या रस्त्यावर नसतात, हा त्या आकारांमागचा हेतूच आहे. डावीकडच्या भुजेवर करडा अष्टकोन दिसला तर तेथील वाहन थांबणार, हे समजायला अक्षरे दिसण्याची गरज पडत नाही. माझ्या बाजूला पाटी दिसत नसेल आणि आडव्या रस्त्यावर असा करडा आकार असेल, तर ‘पाटी नाही म्हणजे उजवा आधी’ असे लगेच म्हणू नये, आणखी एकदा कडेने पाहावे.

काही चित्रांत पाटी कोठेच नसते आणि तरी ‘उजवा आधी’ लागू होत नाही. याला मी रस्त्याच्या पोताचे प्रश्न म्हणत असे. उजवीकडून एक गाडी येते आहे, पण तिच्यासमोर फुटपाथ अखंड चालू आहे आणि तिला त्याचा उतरता केलेला कठडा ओलांडून यावे लागते, तर ती गाडी सर्वांसाठी थांबते. उजवीकडचा रस्ता शेतातून किंवा जंगलातून येणारी कच्ची वाट असेल, तर तेथून येणारा ट्रॅक्टरही थांबतो. आणि मुलांना खेळायला मोकळा असलेला निवासी रस्ता, ज्याची निळी पाटी घर, गाडी, माणूस आणि चेंडू खेळणारे मूल दाखवते, त्याच्या हद्दीतून बाहेर पडणारे वाहनही सर्वांना वाट देते. या तिन्ही प्रकारांत उत्तर वाहनांत नसून जमिनीवर असते. कठड्याची रेघ सलग आहे की तुटलेली, रस्ता डांबरी आहे की मातीचा, हे पाहिल्याशिवाय उजवीकडे बोट दाखवू नये.

सिग्नल, पाट्या आणि पोलिस एकाच चित्रात असले तर उतरंड स्पष्ट आहे. पोलिसाचा हात सर्वांत वर, त्याखाली चालू सिग्नल, त्याखाली पाट्या आणि काहीच नसेल तर ‘उजवा आधी’. सिग्नल हिरवा असताना शेजारची वाट देण्याची पाटी मोजायची नाही, पण सिग्नल बंद असेल किंवा फक्त पिवळा उघडझाप करत असेल तर तीच पाटी लागू होते. चित्रात दिवा पेटलेला आहे की नाही, एवढ्यावर उत्तर फिरते.

चालकाच्या आसनावरून दाखवलेल्या चित्रांत आरसा असेल तर तो शोभेसाठी नसतो. उजवीकडे वळताना उजव्या आरशात सायकलस्वार दिसत असेल, तर ‘मला सायकलला सरळ जाऊ द्यावे लागेल’ हा पर्याय जवळजवळ नेहमी बरोबर असतो. चलचित्रांचे प्रश्नही परीक्षेत असतात, ते पाच वेळांपर्यंत पाहता येतात, परंतु एकदा प्रश्न उघडला की चलचित्राकडे परत जाता येत नाही. त्यामुळे पहिल्या फेरीत रस्ता, दुसऱ्या फेरीत कडेची माणसे व आरसे आणि मगच प्रश्न, असे करणे शहाणपणाचे.

परीक्षेची तारीख ऑगस्ट 2024 मधली मिळाली. शुल्क सुमारे 25 युरो होते आणि ते आधीच भरावे लागले. केंद्रावर पासपोर्ट तपासून प्रत्येकाला पडदा असलेली जागा देतात. मनावर दडपण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही, कारण नापास झाल्यास पुन्हा बसण्यापूर्वी किमान दोन आठवडे थांबावे लागते आणि शुल्कही पुन्हा भरावे लागते. प्रश्नावर खूण करून नंतर त्याच्याकडे परत येण्याची सोय आहे, तिचा मी चौकांच्या सर्व चित्रांसाठी वापर केला. पहिल्यांदा उत्तर दिले आणि शेवटी पुन्हा त्याच चित्रांकडे येऊन वाहनांच्या जोड्या तपासल्या. एका चित्रात डावीकडे वळणारी अग्रक्रमाची जाड रेघ होती आणि समोर एक व्हॅन होती. अ‍ॅपमध्ये तेथे ट्रक पाहिल्याचे आठवत होते, पण भुजा त्याच होत्या. निकाल उत्तरपत्रिका सादर करताच पडद्यावर दिसतो आणि माझा निकाल उत्तीर्ण असा आला.

पुढच्या नियोजनासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून प्रत्यक्ष परीक्षेसाठी 12 महिने मिळतात, ते उलटले तर लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागते. आणि प्रश्नसंच दरवर्षी 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबर रोजी बदलतो. ज्यांची परीक्षा या तारखांच्या आसपास आहे त्यांनी अ‍ॅपमध्ये नवा संच निवडला आहे की जुना, हे सराव सुरू करण्यापूर्वी तपासावे, कारण अ‍ॅप दोन्ही संच काही काळ एकत्र दाखवते आणि परीक्षेच्या तारखेप्रमाणे आपल्याला निवड करावी लागते.